युरॅसिल काढण्याची रीत (तळटीप)
सायटोसिनचा अमिनो गट पाण्यामुळे गळाला की त्याचे युरॅसिल होते. ते तसेच राहिले, तर पुढच्या प्रतीत त्याच्यासमोर ग्वानिनऐवजी अॅडेनिन बसते. टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये जिवाणूत शोधलेले युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज हा बेस सर्पिलाबाहेर वळवून फक्त त्याचा शर्करेशी असलेला बंध तोडते. मूळ मजकुरात ‘तुकडा कापते’ असे म्हटले आहे, ते या पायरीला लागू नाही. साखळी कापणारे विकर वेगळे, एपी-एंडोन्यूक्लिएज. मग मानवी पेशीत बहुधा पॉलिमरेज बीटा समोरच्या ग्वानिनवरून एकच सायटोसिन बसवते, उरलेली शर्करा काढते आणि लायगेज सांधा जोडते. मिथिल-सायटोसिनचे मात्र थायमिन होते; ते डीएनएतलेच नेहमीचे बेस असल्याने हे ग्लायकोसिलेज त्याला हात लावत नाही.