केसरीतून बाहेर पडताना

एम. ए.च्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे भेटते: 'टिळकांशी मतभेद झाल्यामुळे आगरकरांनी केसरी सोडला व सुधारक काढला.' वाक्य चूक नाही, म्हणून त्याला गुणही द्यावे लागतात. मात्र 'सोडला' आणि 'काढला' या दोन क्रियापदांच्या मध्ये जवळजवळ एक वर्ष आहे, आणि त्या वर्षाकडे कोणी पाहत नाही. संपादक आपले पत्र सोडतो तेव्हा नेमके काय सोडतो, आणि ज्या वाचकांना त्याने सांभाळले, बोलायला शिकवले, प्रसंगी दटावले, त्यांचा निरोप तो कसा घेतो, हा मराठी गद्याच्या इतिहासातला प्रश्न मला त्या वर्षामुळे सुचला.

मराठी नियतकालिकांच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा कठीण नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि १८४० मध्ये थांबले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली आणि सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक होऊन संपली. पहिल्या पत्रामागे भाऊ महाजनांसारखे सहकारी होते, तर निबंधमाला सर्वस्वी एकट्याची. परंतु दोहोंतही पत्र आणि त्यामागची व्यक्ती यांत फट नव्हती. चिपळूणकर थांबले की माला थांबली. अशा ठिकाणी निरोप म्हणजे दुकान बंद करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला केलेला नमस्कार. दुकान चालूच राहणार, गल्ल्यावर दुसरा बसणार, आणि गिऱ्हाइके तीच, अशी स्थिती आली म्हणजे मात्र अवघड होते.

ती स्थिती १८८७ च्या ऑक्टोबरात आली.

केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. इंग्रजी 'मराठा' त्याच्या दोनच दिवस आधी निघाला होता. केसरीचे संपादन आगरकरांकडे आणि मराठाचे टिळकांकडे, अशी ढोबळ वाटणी होती. तथापि ही वाटणी आजच्या अर्थाने घेऊ नये. दोन्ही पत्रे न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींची होती, लेख बिनसहीचे असत, आणि लिहिणारा कोणीही असला तरी बोलणारे 'आम्ही' एकच असत. केसरीतही विषय वाटून घेतलेले होते. धर्मशास्त्र आणि कायद्याचे प्रश्न बहुधा टिळकांकडे जात. इतिहास, अर्थकारण आणि समाजस्थिती हे आगरकरांचे प्रांत. कायद्यालाही संपादकाशी विशेष कर्तव्य नव्हते. १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावयाचे असे. अंकावर संपादकाचे नाव छापण्याची सक्ती पुढे १९२२ मध्ये आली. गावोगावच्या वाचकासमोर म्हणून एक मुखवटा होता. त्याच्या आतला चेहरा बदलला तर ते त्याला मजकुराच्या सुरावरूनच ओळखावे लागे.

हे सामुदायिक 'आम्ही' केवळ सोयीचे नव्हते. त्याची किंमत मोजलेली होती. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील मजकुराबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला ते सुटले. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांचे पुस्तक यातूनच आले. पुस्तक एकट्याने लिहिलेले, पण नावात 'आमचे' आहे. पुढे पाच वर्षांनी जे तुटले ते या 'आमचे'च्या संदर्भात पाहिले पाहिजे. तत्त्वाचा मतभेद एरवीही होतो. एका कोठडीत राहिलेल्या माणसांचा मतभेद निराळा असतो.

ठिणगी सामाजिक प्रश्नावर पडली. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली, आणि सरकारने कायदा करावा की नाही यावर सर्व देशभर चर्चा उसळली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात आला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. आगरकरांच्या मते समाज स्वतःहून हालत नसेल तर कायद्याचा आधार घेण्यात गैर नव्हते. टिळकांना परकीय सरकारने घरात शिरावे हे मान्य नव्हते. सुधारणा लोकांच्या गळी उतरूनच व्हावी, असे त्यांचे म्हणणे. मंडळीतील बहुमत या प्रश्नावर आगरकरांच्या बाजूला नव्हते.

येथे थोडे थांबून संपादकाच्या खुर्चीकडे पाहू. 'आम्ही' म्हणून लिहिणाऱ्याला स्वतःचे मत त्या सर्वनामात बसवता येईनासे झाले की त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात. मत गिळून बहुमताचे बोलावे. किंवा आपल्याच पत्रात परक्यासारखी सही करून लिहावे, म्हणजे घरमालकाने ओसरीवर पाहुण्याप्रमाणे बसावे. किंवा उठून जावे. दुसरी वाट आज आपल्याला उदारमतवादी वाटेल. त्या काळच्या वाचकाला मात्र ती गोंधळाची वाटली असती, कारण पत्राने एकच बोलावे अशी त्याची अपेक्षा होती. ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकर उठून गेले. केसरीची कायदेशीर जबाबदारी टिळकांच्या नावावर आली.

आगरकर फक्त पत्रातून उठले, संस्थेतून नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ते चमकतात. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात दोघेही आजीव सदस्य होते आणि दोघेही शिकवत होते. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली ती १८९० च्या अखेरीस, तीही वेगळ्या वादात: सदस्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, या मुद्द्यावर. म्हणजे तीन वर्षे ही दोन माणसे सकाळी एकाच इमारतीत शिकवत होती, आणि त्यातली दोन वर्षे परस्परविरोधी पत्रांतून एकमेकांचा समाचारही घेत होती. महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या कोणालाही या चित्रातला ताण समजावून सांगायला नको.

आता त्या मधल्या वर्षाकडे येऊ. आगरकरांनी केसरीतून जाताना बरोबर काय नेले? छापखाना नाही, वर्गणीदारांची यादी नाही, पत्राचे नावही नाही. जवळजवळ सात वर्षे जमवलेला वाचक मागेच राहिला, आणि वाचकाच्या बाजूने पाहिले तर त्याचे काहीच हरवले नव्हते. अंक मंगळवारी येतच होता. या भागातून, कामथडीवरून, पुणे-सातारा रस्ता जातो. कऱ्हाडजवळचे टेंभू हे आगरकरांचे गाव याच वाटेने गाठायचे. त्या रस्त्यावरच्या एखाद्या गावात केसरी मोठ्याने वाचून दाखवणारा शिक्षक आणि भोवती बसलेले ऐकणारे मी कल्पनेने पाहतो, तेव्हा वाटते की त्यांना कोणी गेल्याचे कळण्यासाठी दुसरे पत्र निघणे आवश्यकच होते.

ते १५ ऑक्टोबर १८८८ रोजी निघाले. 'सुधारक' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होता, आणि इंग्रजी बाजू सांभाळायला तेव्हा विशीत असलेले गोपाळ कृष्ण गोखले होते. आरंभीच आगरकरांनी 'सुधारक काढण्याचा हेतु' हा निबंध लिहिला. आपण तो प्रास्ताविक म्हणून वाचतो. माझे म्हणणे असे की तो उशिरा लिहिलेला निरोपही आहे. कारण नवे पत्र का, याचे उत्तर देताना जुन्या पत्रात काय करता आले नाही हे सांगणे अपरिहार्य होते. तरीही भांडणाची हकिकत हा त्या निबंधाचा विषय नाही. कोणी कोणाला काय म्हटले, बैठकीत कोण कोणाच्या बाजूने गेले, यातले काही वाचकापुढे मांडलेले नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखे एवढे होते त्याने ते सांगू नये, हा संयम मला त्यांच्या युक्तिवादाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

निबंधाचा रोख समाजाच्या प्रकृतीकडे आहे. आपले मूळचे जे आहे ते टाकून पाश्चात्त्य होणे हा मार्ग नव्हे, आणि जुन्याला कवटाळून नव्याकडे पाठ फिरवणे हाही नव्हे. मूळ न सोडता नव्या विद्येचा आणि कल्पनांचा विवेकाने स्वीकार करावा, असे ते मांडतात. ज्यांना 'आगरकर म्हणजे परंपरेवर घाव' एवढेच ठाऊक आहे त्यांना हा समतोल अनपेक्षित वाटतो. पण ते कोणाशी बोलत आहेत हे ध्यानात घेतले की उलगडा होतो. सुधारकाचा पहिला वाचक म्हणजे कालपर्यंतचा केसरीचा वाचक. त्याला 'तू मागासलेला आहेस' असे म्हणून बोलावता येत नाही. 'तुझेच जपण्यासाठी हे सांगतो' असेच म्हणावे लागते. जुना समुदाय तोडून नवा उभारायचा नव्हता. जुन्यातल्याच काहींना उठून दुसऱ्या ओसरीवर येण्याचे आमंत्रण द्यायचे होते.

भाषेतही एक बदल झाला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहावा तो हाच. सुधारकातही संपादकीय 'आम्ही' आहे, पण आता ते मंडळाचे राहिलेले नाही. त्यामागे एक माणूस उभा आहे हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे, आणि रोष आला तर तो त्या माणसाच्या दारात येतो. आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. मंडळाच्या 'आम्ही'ची कोणी प्रेतयात्रा काढत नाही. मराठीत व्यक्तीच्या जबाबदारीवर लिहिलेला वैचारिक निबंध चिपळूणकरांनी आणला हे खरे, पण त्यांना वाचकांचा जयजयकार मिळाला. वाचकाला न आवडणारे सांगून त्याच वाचकाला धरून ठेवायचे, हे काम आगरकरांच्या वाट्याला आले. एक तक्रार मात्र नोंदवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत या निबंधांचे वेचे येतात ते स्त्रीशिक्षण, संमतिवय अशा विषयांच्या शीर्षकाखाली. ते आठवड्याच्या पत्रातले लेख होते, त्यांच्यामागे गेल्या आठवड्याचा प्रतिवाद होता, हे वेच्यांत हरवते, आणि मग आगरकर उगाचच व्यासपीठावरून बोलणारे वाटू लागतात.

संमतिवयाच्या वादात, १८९०-९१ मध्ये, दोन्ही पत्रे समोरासमोर आली. कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर खचलेले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. उशाशी अंत्यविधीपुरते पैसे पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडले, असे सांगतात.

केसरीत मृत्युलेख आला. तो टिळकांनी लिहिला, आणि मजकूर सांगताना त्यांना वारंवार थांबावे लागले अशी आठवण सांगितली जाते. ज्या पत्राचे पहिले संपादक आगरकर होते त्याच पत्राच्या वाचकांना त्या लेखात पुन्हा एकदा सांगितले गेले की हा माणूस कोण होता.