ट्रोपोनिनची तपासणी पुन्हा का करतात?

"डॉक्टर, सकाळचा रिपोर्ट तर नॉर्मल आला, मग पुन्हा रक्त कशाला?" छातीत दुखतं म्हणून दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचं उत्तर या तपासणीच्या इतिहासात आहे.

हार्ट अटॅकनंतर रक्तात एसजीओटी वाढतं, हे 1954 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवलं. पण ते यकृतातही असतं, त्यामुळे काविळीतही वाढतं. नंतर सीपीके-एमबी आलं. ते अधिक भरवशाचं होतं, तरी हातापायांच्या स्नायूंना मोठी इजा झाली की तेही वाढायचं.

1965 मध्ये जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी स्नायूंच्या आकुंचनावर नियंत्रण ठेवणारं प्रथिन शोधलं. तेच ट्रोपोनिन. हृदयातल्या ट्रोपोनिनची रचना इतर स्नायूंपेक्षा थोडी वेगळी असते. याचाच उपयोग करून जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी 1989 मध्ये ट्रोपोनिन-टीची रक्ततपासणी मांडली.

हे प्रथिन बहुतांशी स्नायूंच्या तंतूंना बांधलेलं असतं, थोडंसं पेशीत मोकळं असतं. पेशीला इजा झाली की आधी मोकळं ट्रोपोनिन रक्तात येतं, मग तंतू तुटत जातील तसं उरलेलं हळूहळू सुटतं. म्हणून दुखणं सुरू होताच घेतलेला रिपोर्ट नॉर्मल असू शकतो आणि नंतर वाढलेली पातळी कित्येक दिवस टिकते.

पुढे तपासण्या इतक्या संवेदनशील झाल्या की किडनीचा जुनाट आजार किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांमध्येही आकडा कायम वाढलेला दिसू लागला. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा ठरला.

समजा, संवेदनशील ट्रोपोनिन-टी तपासणीत नॉर्मलची मर्यादा 14 आहे. एका गृहस्थांना दीड तासापासून दुखतंय, पहिला आकडा 9. तीन तासांनी तो 46 होतो. पहिला रिपोर्ट नॉर्मल असूनही हृदयाला ताजी इजा होत आहे. दुसऱ्या, किडनीचा आजार असलेल्या आजींचा आकडा 42, तीन तासांनी 43. आकडा वाढलेला आहे, पण जागचा हललेला नाही, म्हणजे इजा बहुधा जुनी आहे.

"बहुधा" म्हणायला कारण आहे. आजींना दोन दिवसांपूर्वी अटॅक आला असेल, तरी आकडा असाच स्थिर दिसू शकतो. म्हणून दुखणं नेमकं कधी सुरू झालं, हे आम्ही खोदून विचारतो. शिवाय चढता आकडा फक्त ताजी इजा सांगतो, तिचं कारण नाही. हृदयाच्या स्नायूचा दाह किंवा फुप्फुसात अडकलेली गुठळी यांतही तो चढतो. तिथे लक्षणं, ईसीजी आणि इको यांची जोड लागते.

ईसीजीवरच मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल, तर मात्र ट्रोपोनिनसाठी थांबत नाहीत. उपचार लगेच सुरू होतात.