गंधार्पण वाक्य (पूजाविधी)

गंधार्पण वाक्य हे षोडशोपचार पूजेत देवतेला गंध लावताना म्हटले जाणारे संस्कृत गद्य वाक्य आहे. प्रचलित क्रमानुसार सोळा उपचारांपैकी गंध हा नववा उपचार होय. धुळे येथे पांझरा नदीकाठी असलेली एकवीरा देवी खानदेशातील अनेक कुटुंबांची कुलदेवता आहे. तिच्या पूजेसाठी हे वाक्य पुढीलप्रमाणे होते :

श्रीएकवीरादेव्यै नमः । विलेपनार्थे चन्दनं समर्पयामि ।

## शब्दार्थ

* श्रीएकवीरादेव्यै – श्रीएकवीरा देवीला. 'देवी' या ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचे हे चतुर्थी एकवचन आहे.
* नमः – नमस्कार असो. 'नम्' (वाकणे) या धातूशी संबंधित अव्यय. त्याच्या योगात चतुर्थी येते (अष्टाध्यायी २.३.१६).
* विलेपनार्थे – लेपन करण्यासाठी. विलेपन + अर्थ. रूप सप्तमीचे असले तरी येथे अर्थ 'साठी' असा होतो. मराठीतील 'लेप' हा शब्द याच 'लिप्' धातूपासून आला आहे.
* चन्दनं – चंदन (द्वितीया, कर्म). येथे लाकूड अभिप्रेत नसून सहाणेवर उगाळलेले गंध अभिप्रेत आहे.
* समर्पयामि – मी अर्पण करतो किंवा करते. क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी असल्याने 'मी' हा कर्ता निराळा सांगावा लागत नाही. संस्कृत क्रियापदात लिंगभेद नसल्याने स्त्री व पुरुष दोघांसाठी रूप एकच राहते.

सलग अर्थ : श्रीएकवीरा देवीला नमस्कार असो. लेपनासाठी मी (तिला) चंदन अर्पण करतो/करते.

'नमः' नंतरचा दंड दोन वाक्ये वेगळी करतो. त्यामुळे तेथे संधी होऊन 'नमो' असे रूप होत नाही.

## देवतेचे नाव बदलताना

पुस्तिकेत दुसऱ्या देवतेचे नाव घालताना वाक्याचा उत्तरार्ध तसाच राहतो, परंतु नावाची चतुर्थी करावी लागते. एरंडोल तालुक्यातील पद्मालय येथील गणपतीसाठी 'श्रीगणपतये नमः' असे म्हणतात. 'पति' शब्दाची चतुर्थी 'पत्ये' होते, पण समासाच्या शेवटी ती 'पतये' अशी होते. पारोळ्याच्या बालाजीसाठी वेंकटेश या संस्कृत नावावरून 'श्रीवेङ्कटेशाय नमः' असे रूप वापरता येते. श्रावणात खानदेशात पूजली जाणारी कानबाई हे बोलीतील नाव आहे. त्यापुढे 'देवी' जोडल्यास 'कानबाईदेव्यै' असे रूप साधते.

## मुद्रणातील चुका

'एकवीरा देवी नमः' या रूपात विभक्ती नसल्याने नमस्कार कोणाला, हे व्याकरणदृष्ट्या व्यक्त होत नाही. 'देवै' या रूपात 'व्'ला जोडलेला 'य' गळालेला असतो. 'समर्पयामी' हे मराठीच्या अन्त्य दीर्घ लेखनाच्या सवयीने होते. संस्कृतात शेवटचा इकार ऱ्हस्वच असतो. 'सर्मपयामि' मध्ये रफार एक अक्षर आधी पडतो. तो 'प'वर हवा. 'चन्दनं' ऐवजी 'चंदनं' असे छापल्यास मात्र अर्थ किंवा उच्चार बदलत नाही.