निविदा सूचनेचे एकपानी टाचण

बांधकामाची निविदा सूचना वृत्तपत्रात काही ओळींच्या चौकटीत मावते. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम आणि विक्रीचा कालावधी एवढेच त्यात असते. कामाच्या पात्रतेच्या अटी मात्र संकेतस्थळावरील निविदा दस्तऐवजात, विशेष अटींत, विवरणपत्रांच्या तळटिपांत आणि नंतर निघणाऱ्या शुद्धिपत्रकांत विखुरलेल्या असतात. स्वतंत्र कार्यालय व कारकून नसलेल्या छोट्या कंत्राटदाराची निविदा अनेकदा दरांची तुलना होण्यापूर्वीच, तांत्रिक लिफाफा उघडताना बाद होते. काम करण्याची कुवत नसते असे नाही. ती कुवत मागितलेल्या कागदावर, मागितलेल्या तारखेस सिद्ध झालेली नसते.

म्हणून सूचनेचे टाचण काढताना अटींची निराळी, कागदपत्रांची निराळी आणि तारखांची निराळी यादी करणे पुरेसे होत नाही. प्रत्येक अटीपुढे तिचा पुरावा आणि त्या पुराव्याची मोजणीची तारीख लिहावी लागते. अट, कागद व तारीख या तीन रकान्यांची एकच ओळ झाली, की कोणता दुवा कच्चा आहे ते तत्काळ दिसते.

एक नमुना

एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने गावांतर्गत काँक्रीट रस्त्याच्या कामाची निविदा ३ जून २०२५ रोजी प्रसिद्ध केली, असे उदाहरणादाखल समजू. अंदाजपत्रकीय रक्कम ६० लाख रुपये, कामाची मुदत सहा महिने, बयाणा रक्कम ६० हजार रुपये. शंका लेखी पाठविण्याची मुदत ६ जून, निविदापूर्व बैठक ९ जून, निविदा सादर करण्याची अंतिम वेळ १७ जून सायंकाळी ५ आणि तांत्रिक लिफाफा उघडण्याची तारीख १९ जून.

अनुभवाची अट अशी आहे: मागील सात वर्षांत, म्हणजे निविदा मागविल्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरपर्यंत, समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी अंदाजपत्रकाच्या ४० टक्के, अथवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्के, अथवा एक काम ८० टक्के रकमेचे पूर्ण केलेले असावे. हे प्रमाण केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकातील असून केंद्रीय कार्यालयांच्या निविदांत ते परिचित आहे. राज्याचे विभाग व स्थानिक स्वराज्य संस्था आपापली प्रमाणे ठरवितात. त्यामुळे टाचणात टक्केवारी स्मरणाने लिहू नये. त्या निविदेतील पान व कलम क्रमांकासह लिहावी.

टक्केवारीचे आधी रुपयांत रूपांतर करावे. येथे तीन कामे प्रत्येकी २४ लाखांची, दोन कामे प्रत्येकी ३० लाखांची किंवा एक काम ४८ लाखांचे लागेल. सात वर्षांचा कालावधी १ जून २०१८ ते ३१ मे २०२५ असा पडतो. आता या कंत्राटदाराची कामे पाहू. त्याचे सर्वांत मोठे काम ५२ लाखांचे, पण ते २० एप्रिल २०१८ रोजी पूर्ण झालेले. सुमारे सहा आठवड्यांच्या फरकाने ते कालावधीबाहेर जाते आणि एका कामाचा पर्याय मिटतो. त्यानंतरची कामे ३१ लाख, २९ लाख ४० हजार आणि २५ लाख २० हजार रुपयांची. दोन कामांचा पर्यायही ६० हजार रुपयांनी हुकतो. उरतो तीन कामांचा पर्याय, आणि तो पूर्ण होतो.

परंतु येथेच कागदाचा प्रश्न उभा राहतो. तिसरे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये संपले असले, तरी कंत्राटदाराजवळचा दाखला डिसेंबर २०२४ चा असून त्यावर ‘काम प्रगतीत’ असे नमूद आहे. अट पूर्ण झालेल्या कामाची आहे. संबंधित कार्यकारी अभियंत्यांकडून कामाची अंतिम रक्कम व पूर्णत्वाची तारीख दर्शविणारा नवा दाखला मिळवावा लागेल. या निविदेची खरी अंतिम तारीख १७ जून नसून हा दाखला हाती येण्याची तारीख आहे, आणि अर्ज ४ जूनलाच द्यावयास हवा. एकपानी टाचणाचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

उलाढाल आणि ताळेबंद

दुसरी अट मागील आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चअखेरच्या तीन वर्षांतील सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजपत्रकाच्या ३० टक्के, म्हणजे १८ लाख रुपये असण्याची. रक्कम मोठी नाही. अडचण वर्षांची आहे. जून २०२५ मधील निविदेसाठी २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ ही वर्षे येतात. शेवटच्या वर्षाचे लेखापरीक्षण जूनमध्ये बहुधा पूर्ण झालेले नसते. अशा वेळी सनदी लेखापालाचे तात्पुरत्या आकड्यांवरील प्रमाणपत्र चालेल, की आधीची तीन वर्षे धरली जातील, याचे उत्तर दस्तऐवजात नसल्यास ते ६ जूनच्या आत लेखी विचारावे. उत्तर तोंडी मिळाले तर त्यावर विसंबू नये. बैठकीच्या इतिवृत्तात किंवा शुद्धिपत्रकात आले, तरच ते निविदेचा भाग होते.

लेखापालाच्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन क्रमांक आहे की नाही, तेही पाहावे. १ फेब्रुवारी २०१९ पासून सनदी लेखापालांनी दिलेल्या प्रमाणपत्रांवर तो बंधनकारक आहे आणि छाननी करणारे कार्यालय त्यावरून प्रमाणपत्राची खातरजमा करू शकते.

निविदा क्षमतेचे गणित

तिसरी अट निविदा क्षमतेची. तिचे नेहमीचे सूत्र असे:

A × N × 2 − B

यात A म्हणजे मागील पाच वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षात केलेल्या कामांची सर्वाधिक रक्कम, N म्हणजे निविदेतील कामाची मुदत वर्षांत, आणि B म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करावयाच्या हाती असलेल्या कामांची उर्वरित रक्कम. मधला गुणक सर्वत्र २ नसतो. काही ठिकाणी तो १.५ असतो. जुन्या वर्षाची रक्कम चालू किमतीस आणण्यासाठी ठरावीक टक्के वाढ धरण्याची मुभाही काही दस्तऐवजांत असते.

या कंत्राटदाराचे सर्वाधिक वार्षिक काम ८५ लाखांचे आहे. मुदत सहा महिने असल्याने N ०.५ होतो. हाती उरलेली कामे १८ लाखांची. ८५ × ०.५ × २ म्हणजे ८५ लाख. त्यातून १८ लाख वजा जाता क्षमता ६७ लाख राहते. ती ६० लाखांहून अधिक असल्याने तो पात्र ठरतो. मात्र दरम्यान त्याने तितक्याच मुदतीचे १० लाखांचे दुसरे काम घेतले, तर क्षमता ५७ लाखांवर येऊन तो अपात्र होईल. हाती असलेल्या कामांचे विवरणपत्र भरताना एखादे काम गाळणे हा यावरचा उपाय नव्हे. चुकीची माहिती दिल्याचे उघड झाल्यास निविदा तर जातेच, शिवाय बयाणा जप्ती व काळ्या यादीचे कलम लागू होऊ शकते.

बयाण्याची सूट

उद्यम नोंदणी असली की बयाणा भरावा लागत नाही, असा समज आढळतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा केंद्राचा २०१२ चा खरेदी धोरण आदेश वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या निविदेत अशी सूट स्पष्ट शब्दांत दिलेली नसेल, तर ती गृहीत धरू नये. टाचणात ‘सूट आहे / नाही, कलम क्रमांक’ अशी ओळच असावी.

या संदर्भात १९९१ मधील पोद्दार स्टील कॉर्पोरेशन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय अनेकदा सांगितला जातो. बयाणा स्टेट बँकेच्या धनाकर्षाऐवजी दुसऱ्या बँकेच्या प्रमाणित धनादेशाने दिला होता. ती अट आनुषंगिक स्वरूपाची असल्याने काटेकोर पालनाचा आग्रह निविदा मागविणाऱ्यास सोडता येतो, असे न्यायालयाने म्हटले. पण सवलत देण्याचा हा अधिकार कार्यालयाचा आहे. ती मागण्याचा हक्क कंत्राटदाराला यातून मिळत नाही. टाचण करताना म्हणून प्रत्येक अट अत्यावश्यकच मानावी.

तारखा उलट्या क्रमाने

तारखांचा रकाना शेवटाकडून भरावा. mahatenders.gov.in सारख्या संकेतस्थळावर वेळ सर्व्हरच्या घड्याळाने मोजली जाते आणि पाच वाजले की सादरीकरण आपोआप बंद होते. सर्व कागद चढवूनही शेवटी Freeze Bid हे बटण दाबून पोचपावती घेतली नाही, तर निविदा सादर झालेली नसते. त्यामुळे स्वतःसाठीची अंतिम वेळ १६ जून दुपारी १२ ठेवावी.

त्याआधी १४ जूनपर्यंत पॅन, वस्तू व सेवा कर नोंदणी, कंत्राटदार नोंदणी, दाखले व प्रतिज्ञापत्र यांच्या सुवाच्य प्रती तयार हव्यात. प्रतिज्ञापत्र बहुतेकदा सूचनेच्या तारखेनंतरचे आणि दिलेल्या नमुन्यातच मागितलेले असते; मागच्या निविदेचे वापरता येत नाही. बयाणा नेफ्ट अथवा आरटीजीएसने भरावयाचा असल्यास रक्कम संकेतस्थळावर नोंदली जाण्यास वेळ लागतो. १४ व १५ जून हे शनिवार-रविवार आहेत, हे ध्यानात घेऊन भरणा १३ जूनच्या आत उरकावा. दरपत्रकाची एक्सेल फाइल भरताना तिचे नाव बदलू नये, अन्यथा संकेतस्थळ ती स्वीकारत नाही.

डिजिटल स्वाक्षरीची मुदतही याच रकान्यात लिहावी. १ जानेवारी २०२१ पासून नवी प्रमाणपत्रे तिसऱ्या वर्गाचीच मिळतात आणि नूतनीकरणासाठी पुन्हा ओळख पडताळणी होते. ते काम शेवटच्या दिवसावर सोडता येत नाही.

शुद्धिपत्रक रोज पाहावे. त्याने अंदाजपत्रकीय रक्कम बदलली, तर ४०, ५० व ८० टक्क्यांचे सर्व आकडे बदलतात. निविदा सादर झाल्यानंतर शुद्धिपत्रक आले, तर अंतिम वेळेपूर्वी सुधारित निविदा पुन्हा सादर करता येते. ‘विथड्रॉ’ मात्र करू नये. मागे घेतलेली निविदा त्याच कामासाठी पुन्हा भरता येत नाही.

तयार टाचण

अनुभव: २४ लाखांची तीन कामे, तीन पूर्णत्व दाखले, तिसरा नव्याने, १ जून २०१८ ते ३१ मे २०२५, अर्ज ४ जून.

उलाढाल: सरासरी १८ लाख, यूडीआयएनसह प्रमाणपत्र, ३१ मार्च २०२५ अखेर, लेखी शंका ६ जून.

क्षमता: ६७ लाख, गरज ६० लाख, हाती असलेल्या कामांचे विवरणपत्र, नवे काम घेतल्यास फेरगणना.

बयाणा: ६० हजार, सूट नाही; भरणा पावती; १३ जून.

सादरीकरण: पोचपावती, १६ जून दुपारी १२, अधिकृत मुदत १७ जून सायंकाळी ५.

या पाच ओळींपैकी एखाद्या ओळीतील कागदाचा रकाना ६ जूनपर्यंत रिकामा असेल आणि तो भरण्याची तारीखही लिहिता येत नसेल, तर त्या निविदेवर पुढे बयाणा अडकवू नये.