लाल ‘एल’ आणि शेजारच्या आसनावरचा माणूस

रस्त्यात पुढच्या गाडीवर पांढऱ्या पाटीतला लाल ‘एल’ दिसला की आपण आपसूक थोडे अंतर राखतो. ती पाटी इतरांना सावध करते, हे सर्वांना ठाऊक असते. पण शिकणाऱ्याच्या शेजारी कायद्याने जो माणूस बसवला आहे, त्याने तिथे करायचे तरी काय? या प्रश्नाचा निकाल इंग्लंडच्या न्यायालयांत लागला.

ब्रिटनमध्ये 1903च्या कायद्यानुसार पाच शिलिंग भरले की मोटार चालवण्याचा परवाना हाती पडे. चालवता येते का, हे कोणी विचारीत नसे. 1934 साली तिथल्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षीच्या कायद्याने चालकांची परीक्षा आणली आणि 1 जून 1935 पासून नव्या चालकांना ती सक्तीची झाली. परीक्षा आली म्हणजे परीक्षेपूर्वीचा शिकण्याचा काळही आला, आणि शिकायचे ते वाहत्या रस्त्यावरच. म्हणून शिकाऊ चालकावर दोन बंधने पडली: गाडीला पाटी आणि शेजारी परवानाधारक.

या शेजाऱ्याची पहिली कसोटी 1940 साली ‘रुबी विरुद्ध फॉकनर’ खटल्यात लागली. शिकाऊ चालक ठळक वळणावर पुढच्या वाहनाला मागे टाकायला निघाला आणि अपघात झाला. तो काय करू पाहतो आहे, हे शेजारच्या परवानाधारकाला दिसत होते. पण तो काही बोलला नाही, त्याने काही केलेही नाही. न्यायालयाने त्यालाच त्या गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले. देखरेखीसाठी बसलेल्या माणसाचे मौन हीच त्याची कसूर ठरली.

मग शिकणाऱ्याची जबाबदारी हलकी होते का? 1971चा ‘नेटलशिप विरुद्ध वेस्टन’ हा निकाल याचे उत्तर देतो. नेटलशिप हे व्यावसायिक शिक्षक नव्हते. मैत्रीखातर शिकवायला तयार होण्यापूर्वी त्यांनी एकच चौकशी केली: अपघात झालाच तर विमा मला लागू आहे ना? तिसऱ्या धड्याला गाडी एका चौकात थांबून हळूहळू डावीकडे वळली. वेस्टनबाईंनी चाक घट्ट धरून ठेवले, ते सरळ करीनात. नेटलशिप यांनी एका हाताने हँडब्रेक ओढला, दुसऱ्याने चाक फिरवू पाहिले. तरी गाडी दिव्याच्या खांबाला घासलीच आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी मोडली. लॉर्ड डेनिंग ज्या पीठावर होते त्या अपील न्यायालयाने सांगितले की शिकाऊ चालकालाही निष्णात चालकाचेच माप लागू. मात्र त्या क्षणी गाडीचा ताबा दोघांकडे होता, म्हणून बहुमताने नेटलशिप यांची भरपाई निम्मी झाली. अजून शिकतच असलेल्या व्यक्तीला हे माप कठोर वाटेल. पण पाटी वाचून कोणी आपली हाडे अधिक मजबूत करून घेत नाही.

गंमत अशी की हा सोबती सरकारने एकदा स्वतःच उठवला होता. सुएझ पेचप्रसंगात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा नोव्हेंबर 1956 ते एप्रिल 1957 या काळात परीक्षा थांबल्या, परीक्षक रेशनच्या कामाला लागले आणि शिकाऊंना एकट्याने गाडी चालवण्याची मुभा मिळाली.

भारतात हीच व्यवस्था 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील तिसऱ्या नियमात आहे. पाटी किमान 18 सेंटिमीटर चौरस, अक्षर 10 सेंटिमीटर उंच आणि तळाशी 9 सेंटिमीटर रुंद. ब्रिटिश पाटी सात इंच चौरस, अक्षर चार इंच उंच, साडेतीन इंच रुंद. आपले आकडे म्हणजे हेच इंच मेट्रिकमध्ये उतरवलेले दिसतात. पण नियमाचा गाभा सोबत्याच्या वाक्यात आहे. त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना हवा, आणि वाहन ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मागच्या आसनावर मोबाइल पाहणारे वडील या व्याख्येत बसत नाहीत. शिकाऊ परवान्याची मुभा या अटींवरच टिकून असल्याने, पाटी लावून एकट्याने निघालेला तरुण मोटार वाहन कायद्याच्या तिसऱ्या कलमाचा भंग करतो. 2019च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 5,000 रुपये आहे, विनापरवाना चालवणाऱ्याला असतो तेवढाच.

दुचाकीवर हा नियम अडखळतो. शिकाऊला मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही, इथपर्यंत तो स्पष्ट आहे. पण मागे बसलेल्याचा हात ना पुढच्या ब्रेकपर्यंत पोहोचतो, ना पाय मागच्या. शाळेच्या मोटारीत दुहेरी ब्रेक असतो, घरच्या मोटारीत निदान हँडब्रेक हाताशी असतो. स्कूटरवर मात्र शिकवणाऱ्याजवळ उरतो तो फक्त आवाज.