भाड्याचे घर स्वीकारण्यापूर्वी : लॉक-इन कालावधी आणि मुदतपूर्व घर सोडण्याची किंमत

भिलाई (छत्तीसगढ) : पॉवर हाउस रेल्वे स्थानकाच्या परिसरातील कैंप-१ सारख्या वस्तीत भाड्याची खोली घेताना बोलणी बहुधा भाडे, पाणी आणि वीजमीटर यांवरच संपतात. ठरलेल्या मुदतीआधी घर सोडावे लागले तर किती रक्कम परत मिळणार, हा प्रश्न सहसा घर सोडण्याच्या दिवशी निघतो. तोपर्यंत अनामत रक्कम घरमालकाच्या हाती असते आणि करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या झालेल्या असतात. बदली, कंत्राटाची समाप्ती किंवा मुलांच्या शिक्षणामुळे वर्षाच्या मध्येच गाव बदलावे लागण्याची शक्यता असलेल्या कुटुंबाने हा प्रश्न होकार देण्यापूर्वीच विचारणे हिताचे ठरते.

लॉक-इन कालावधी म्हणजे कराराच्या मुदतीतील असा काळ, ज्यात भाडेकरूला नोटीस देऊनही विनाभुर्दंड घर सोडता येत नाही. करार अकरा महिन्यांचा आणि लॉक-इन सहा महिन्यांचा असू शकतो. काही करारांत संपूर्ण मुदतच लॉक-इन धरलेली असते. नोटीस कालावधी ही त्याहून वेगळी बाब आहे. घर सोडणार असल्याची पूर्वसूचना किती दिवस आधी द्यायची, एवढेच तो सांगतो. हे दोन कालावधी एकमेकांत मिसळतात की एकापुढे एक जोडले जातात, यावर बरेच काही अवलंबून असते, आणि नेमके तेच अनेक करारांत स्पष्ट लिहिलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. भाडे दरमहा ८,००० रुपये, अनामत दोन महिन्यांची म्हणजे १६,००० रुपये, करार १ जूनपासून अकरा महिन्यांचा, लॉक-इन सहा महिन्यांचा आणि नोटीस एक महिन्याची आहे. भाडेकरूची बदली होते. तो ३१ ऑगस्टला नोटीस देतो आणि सप्टेंबरअखेर, चार महिन्यांचे भाडे चुकते करून, घर रिकामे करतो.

मुदतपूर्व घर सोडल्यास एका महिन्याचे भाडे दंड म्हणून कापले जाईल, असे करारात असेल तर त्याला ८,००० रुपये परत मिळतात. लॉक-इनच्या उरलेल्या काळाचे भाडे द्यावे लागेल, असे असेल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे मिळून १६,००० होतात आणि अनामत पूर्ण संपते. नोटीस लॉक-इन संपल्यानंतरच देता येईल, असे वाक्य असेल तर हिशेब डिसेंबरअखेरपर्यंत जातो. तीन महिन्यांचे २४,००० रुपये होतात आणि अनामत गमावूनही ८,००० रुपयांची मागणी शिल्लक राहते. घर तेच, भाडे तेच, लॉक-इनही सहाच महिन्यांचा. फरक केवळ एका वाक्याचा.

म्हणूनच ‘लॉक-इन किती आहे?’ एवढे विचारणे अपुरे ठरते. ‘मी चौथ्या महिन्याच्या शेवटी घर सोडले, तर अनामतीपैकी किती रुपये परत मिळतील?’ असे विचारले की उत्तर आकड्यात द्यावे लागते. हे उत्तर टोकन रक्कम देण्यापूर्वी मिळवावे आणि व्हॉट्सॲप संदेशात का होईना, लिखित घ्यावे. टोकन दिल्यानंतर मसुदा हाती येतो तेव्हा ती रक्कम बुडण्याच्या भीतीने नकोशी कलमेही मान्य केली जातात. टोकन घेण्याआधी मसुदा दाखवण्यास दलाल तयार नसेल, तर तीही एक माहितीच समजावी.

भिलाईत महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबासमोर भाषेची एक छोटी अडचण असते. येथील ‘किरायानामा’ हिंदीत असतो आणि त्यात ‘लॉक-इन’ हा शब्द असेलच असे नाही. ‘ग्यारह माह से पूर्व मकान खाली करने पर धरोहर राशि राजसात की जाएगी’ अशा स्वरूपाचे वाक्य दिसले, तर तो अकरा महिन्यांचा लॉक-इनच आहे. ‘धरोहर राशि’ किंवा ‘अमानत राशि’ म्हणजे अनामत आणि ‘राजसात’ म्हणजे जप्त. मराठी वाचकाला राजसातमध्ये सरकारचा भास होतो, पण या ठिकाणी रक्कम घरमालकाकडे राहते.

लॉक-इन दोन्ही पक्षांना बांधतो का, हेही मसुद्यातच पाहावे. भाडेकरूला सहा महिने घर सोडता येणार नाही, मात्र घरमालक एका महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामे करून घेऊ शकेल, अशी रचना आढळते. भाडेकरूसाठी असा करार जवळजवळ निरुपयोगी असतो. स्थैर्य मिळत नाही आणि बंधन तेवढे राहते. नूतनीकरणानंतर लॉक-इन पुन्हा शून्यापासून मोजला जाणार का, हा प्रश्न दुसऱ्या वर्षी महाग पडू शकतो.

करारात लिहिलेला दंड न्यायालयात जसाच्या तसा वसूल होतोच, असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या जमिनीच्या लिलावाशी संबंधित प्रकरणात, जेथे नुकसान सिद्ध करणे शक्य आहे तेथे ते सिद्ध करावे लागेल, असे स्पष्ट केले. वरील उदाहरणात घरमालकाला १६ ऑक्टोबरपासून त्याच भाड्याने नवा भाडेकरू मिळाला, तर त्याचे भाड्याचे नुकसान सुमारे ४,००० रुपयांचे होते. २४,००० रुपयांच्या मागणीविरुद्ध हा भक्कम मुद्दा आहे.

मात्र त्याचा व्यवहारातील उपयोग मर्यादित आहे. अनामत घरमालकाजवळ असल्याने दाद मागण्याचा भार भाडेकरूवर येतो, आणि आठ-दहा हजारांसाठी दुसऱ्या गावाहून फेऱ्या मारणे बहुतेकांना परवडत नाही. छत्तीसगढमध्ये भाडे नियंत्रण अधिनियम, २०११ नुसार असे वाद भाडे नियंत्रकापुढे आणि त्यानंतर न्यायाधिकरणापुढे नेता येतात.

महाराष्ट्रातील सवय येथे थोडी दिशाभूल करते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी त्याची नोंदणी बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. महाराष्ट्राबाहेर हे संरक्षण गृहीत धरता येत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक आहे. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा त्यातूनच रूढ झाली. परिणामी नोंदणी न झालेल्या साध्या मुद्रांक कागदावर दोन वर्षांचा लॉक-इन लिहिलेला असेल, तर ती अट न्यायालयात टिकणे कठीण असते. अकरा महिन्यांच्या आतील लॉक-इनबाबत मात्र हा बचाव उपलब्ध नाही.

वाटाघाटीत लॉक-इन पूर्णपणे काढून घेण्याचा आग्रह क्वचितच यशस्वी होतो, कारण वारंवार रिकामी पडणारी खोली घरमालकालाही नको असते. त्याऐवजी दोन वाक्यांची भर मागता येते : बदलीचा किंवा सेवासमाप्तीचा लेखी आदेश दाखवल्यास दंड एका महिन्याच्या भाड्यापुरता मर्यादित राहील, आणि घरमालकाला मान्य असा पर्यायी भाडेकरू आणून दिल्यास तो राहायला आल्याच्या तारखेपासून पुढील भाडे आकारले जाणार नाही. ही भर सहीपूर्वी मुद्रांक कागदावरच करून घ्यावी आणि तिच्याशेजारी दोघांच्याही सह्या असाव्यात.