बुकोल्झची बेरीज

१८५१ साली लंडनमध्ये बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. १६ खेळाडू होते, जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या होत्या आणि पद्धत होती बाद फेरीची. पॅरिसच्या कॅफे द ला रेजान्समध्ये नाव गाजवलेला लिओनेल किझेरिट्स्की पहिल्याच फेरीत आडॉल्फ आंडरसनच्या वाट्याला आला, हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. आंडरसनने पुढे स्पर्धाच जिंकली. किझेरिट्स्कीला हरवणारा विजेता ठरला, पण त्याने किझेरिट्स्कीच्या पदरात काही पडलं नाही. कच्च्या खेळाडूकडून हरून बाहेर पडलेल्याची आणि त्याची गत एकच झाली.

या अन्यायावर उपाय म्हणून साखळी पद्धत आली. १८६२ च्या लंडन स्पर्धेत प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळला. तेव्हा बरोबरीत सुटलेला डाव पुन्हा खेळावा लागे. पुढे बरोबरीला अर्धा गुण देण्याची रीत रुळली आणि गुणतक्त्यात सारखे गुण घेऊन बसलेले खेळाडू वारंवार दिसू लागले. मग बक्षीस कोणाला? ऑस्कर गेल्बफुसने १८७३ मध्ये एक हिशेब सुचवला होता: ज्याला हरवलंत त्याचे सगळे गुण तुमच्या खात्यात, ज्याच्याशी बरोबरी केलीत त्याचे निम्मे, आणि ज्याच्याकडून हरलात त्याचे शून्य. १८८२ मध्ये हर्मन नॉयश्टाट्लने सारख्या गुणांची कोंडी फोडण्यासाठी हीच बेरीज वापरावी असं ‘चेस मंथली’ या मासिकाला पत्र लिहून सुचवलं. त्यावर विल्यम सॉनबॉर्न आणि योहान बर्गर या दोघांनी टीका केली आणि सॉनबॉर्नने स्वतःच्या गुणांचा वर्गही त्यात मिळवावा अशी दुरुस्ती सुचवली. ती दुरुस्ती मागे पडली, मूळ बेरीज टिकली, आणि तिला नाव मिळालं सॉनबॉर्न-बर्गर. ज्यांनी दोष दाखवले त्यांचीच नावं आज जगभरच्या गुणतक्त्यांवर आहेत, आणि गेल्बफुस व नॉयश्टाट्ल फक्त इतिहास चाळणाऱ्यांना ठाऊक आहेत. मला हे फार लागतं.

साखळीची खरी अडचण मात्र वेळेची होती. आठ जणांना सात फेऱ्या पुरतात, पण शंभर जण आले तर ९९ फेऱ्या आणि ४,९५० डाव. कुठल्याच क्लबला हे झेपणारं नाही. १८९५ मध्ये झ्युरिकच्या स्पर्धेत ब्रुगच्या डॉ. युलिउस म्युलर यांची पद्धत वापरली गेली. तिचं सूत्र असं, की हरलेल्याला घरी पाठवायचं नाही, पण प्रत्येक फेरीत त्याला आपल्याइतकेच गुण असलेल्याशी खेळवायचं, आणि एकदा समोर आलेला प्रतिस्पर्धी पुन्हा द्यायचा नाही. बरोबऱ्या बाजूला ठेवल्या तर प्रत्येक फेरीत पूर्ण गुण असलेल्यांची संख्या निम्मी होते: आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. १२८ खेळाडूंना सात फेऱ्या पुरतात. बाद फेरीची चपळाई आणि साखळीची सहनशीलता या पद्धतीत एकत्र आली. आपल्याकडच्या स्पर्धांच्या पत्रकांत ‘स्विस लीग पद्धतीने’ असं छापलेलं असतं ते हेच.

ही सहनशीलता किती कामाची आहे हे नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये दाखवलं. आइल ऑफ मॅनवरच्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला. बाद फेरी असती तर त्याच संध्याकाळी त्याने बॅग भरली असती. इथे तो खालच्या गुणगटात गेला, तिथून फेरीमागून फेरी वर चढत राहिला आणि ११ फेऱ्यांत साडेआठ गुण करून एकटा पहिला आला.

जोड्या लावायचं काम प्रत्यक्षात कसं चालतं, हे आठ जणांच्या तीन फेऱ्यांच्या छोट्या स्पर्धेत नीट दिसतं. खेळाडूंना मानांकनाप्रमाणे एक ते आठ नंबर देऊ. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘डच’ पद्धतीत गटाचे दोन भाग करून वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी क्रमाने जोडतात. म्हणून पहिल्या फेरीत एक-पाच, दोन-सहा, तीन-सात, चार-आठ अशा जोड्या पडतात. समजा एक आणि तीन नंबर जिंकले, सहा नंबरने दोन नंबरला धक्का दिला आणि चार-आठ बरोबरीत सुटले.

आता एका गुणावर तिघे आहेत: एक, तीन, सहा. विषम संख्या, त्यामुळे कोणीतरी खाली सरकणार. गटात सर्वांत खालचा सहा नंबर, म्हणून तो अर्ध्या गुणाच्या गटात जाऊन चार नंबरशी खेळतो आणि वर एक-तीन अशी जोडी होते. चार आणि आठ आधी खेळले असल्यामुळे आठ नंबरही आणखी खाली सरकून दोन नंबरसमोर बसतो. उरले पाच आणि सात. या फेरीत एक, सहा, दोन आणि पाच नंबर जिंकतात.

तिसऱ्या फेरीत वरची जोडी आपोआप ठरते: दोन गुणांचे दोघेच, एक आणि सहा. एका गुणाच्या गटातून दोन-तीन जोडी होते आणि पाच नंबर खाली येतो. त्याच्यासमोर अर्ध्या गुणाचे चार आणि आठ. क्रमाने पाहिलं तर पाच-चार ही जोडी सोपी, पण इथे रंग आडवा येतो. पाच आणि चार नंबर दोघेही मागच्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेत, दोघांनाही आता काळी हवीत. आठ नंबर नुकताच काळ्यांनी खेळलाय, त्याला पांढरी हवीत. शिवाय तळाचा सात नंबर लागोपाठ दोनदा काळ्यांनी खेळलाय. एकाच रंगाने सलग तीन डाव नकोत हा नियम असल्याने त्याला पांढरी द्यावीच लागतात. म्हणून पंच पाच-आठ आणि चार-सात अशा जोड्या लावतात आणि चौघांचेही रंग जुळतात. नव्या खेळाडूला आपली जोडी अशी का पडली हे कळत नाही तेव्हा उत्तर बहुतेक वेळा रंगात असतं. पूर्वी पंच प्रत्येक खेळाडूचं कार्ड करून त्यावर प्रतिस्पर्धी, रंग आणि गुण लिहीत आणि दोन फेऱ्यांच्या मधे टेबलावर ही कार्डं मांडून जोड्या जुळवत. आता ते काम संगणक क्षणात करतो, पण नियम तेच आहेत.

समजा तिसऱ्या फेरीत वरचा डाव बरोबरीत सुटला. एक आणि सहा नंबर, दोघांचे अडीच गुण. तीन नंबरने दोनला, पाचने आठला आणि चारने सातला हरवलं. करंडक एकच आहे.

साखळीत दोघांचे प्रतिस्पर्धी तेच असतात, म्हणून तिथे कोणाला हरवलंत एवढाच प्रश्न उरतो. स्विस लीगमध्ये प्रत्येकाची वाट वेगळी असते, म्हणून आधी विचारावं लागतं की तुमच्या वाट्याला कोण आलं होतं. म्युलरच्या पद्धतीत हा प्रश्न पहिल्यापासून दडलेला होता, पण त्याला सरळ हिशेब मिळाला तो १९३२ च्या सुमारास, माग्डेबुर्गच्या ब्रुनो बुकोल्झकडून. बिटरफेल्डच्या स्पर्धेत ही रीत बहुधा पहिल्यांदा वापरली गेली. तिचं आजचं रूप अगदी साधं आहे: तुमच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे अंतिम गुण मिळवायचे, मग त्यांना हरवलेलं असो वा त्यांच्याकडून हरलेलं. वर्तमानपत्रात ‘सरस बुकोल्झच्या जोरावर विजेतेपद’ असं वाचतो, त्यामागे हीच बेरीज असते.

आपल्या स्पर्धेत ती करून पाहू. एक नंबर खेळला पाच, तीन आणि सहाशी. त्यांचे गुण दोन, दोन आणि अडीच, बेरीज साडेसहा. सहा नंबर खेळला दोन, चार आणि एकशी. त्यांचे गुण एक, दीड आणि अडीच, बेरीज पाच. करंडक एक नंबरला.

आता सहा नंबरच्या बाजूने बघा. त्याने दोन आणि चार नंबरला हरवलं आणि अग्रमानांकिताला बरोबरीत रोखलं. मानांकन पाहिलं तर त्याची वाट जास्त खडतर होती. तरी तो दुसरा, कारण दोन नंबर शेवटच्या फेरीत शेजारच्या पटावर तीन नंबरकडून हरला. तोच डाव उलटा लागला असता तर दोन नंबरचे दोन गुण आणि तीन नंबरचा एक झाला असता. मग एक नंबरची बेरीज साडेपाच, सहा नंबरची सहा, आणि करंडक सहा नंबरच्या घरी. आपल्या हाती नसलेल्या डावावर आपलं बक्षीस ठरतं, ही बुकोल्झबद्दलची सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी तक्रार आहे. याचा अर्थ पद्धत चुकीची असा मी लावत नाही. मानांकन हे जुन्या स्पर्धांचं फळ असतं, तर बुकोल्झ या स्पर्धेत त्या खेळाडूंनी खरोखर काय केलं तेच मोजतो. पण तीन फेऱ्यांत एका डावाचं वजन फार होतं. सात किंवा नऊ फेऱ्या असल्या की ते विखुरतं, म्हणून कमी फेऱ्यांच्या स्पर्धेत रोख बक्षीस बुकोल्झवर सोडण्यापेक्षा वाटून देणं मला योग्य वाटतं.

याहून मोठा घोळ होतो तो खेळाडू मधूनच निघून गेला की. तुम्ही पहिल्या फेरीत ज्याला हरवलंत तो खट्टू होऊन घरी गेला तर त्याचे गुण तिथेच थांबतात आणि तुमची बेरीज बसते. म्हणून अशी माघार घेतलेल्या खेळाडूच्या पुढच्या फेऱ्या बुकोल्झ काढताना बरोबरी धरतात, म्हणजे प्रत्येकी अर्धा गुण. त्याला स्वतःला ते गुण मिळत नाहीत, फक्त तुमच्या हिशेबात येतात. संख्या विषम असल्यामुळे ज्याला बाय मिळतो त्याच्या वाट्याला त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो, तेव्हा तिथे एक काल्पनिक प्रतिस्पर्धी धरावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी बेरजेतून वगळायचा. याला ‘कट वन’ म्हणतात आणि बऱ्याच स्पर्धांत तो साध्या बुकोल्झच्या आधी लावतात. आपल्या उदाहरणात एक नंबरचे दोन गेले, राहिले साडेचार. सहा नंबरचा एक गेला, राहिले चार. निकाल तोच, पण दीड गुणाचा फरक अर्ध्या गुणावर आला.

क्लबच्या स्पर्धेत बहुतेक वेळा यादीत सर्वांत वर एक वेगळंच कलम असतं: आपसातला डाव. सारखे गुण असलेले दोघे एकमेकांशी खेळले असतील तर जिंकलेला पुढे. सहा नंबरने तो डाव जिंकला असता तर त्याचे तीन गुण झाले असते आणि कुठलीच बेरीज करायची गरज पडली नसती. बरोबरी झाली, म्हणून पंच पुढच्या कलमाकडे वळतात. ही कलमं कोणत्या क्रमाने लागणार हे पहिल्या फेरीआधी पत्रकात छापलेलं असलं पाहिजे. शेवटची फेरी संपल्यावर क्रम ठरवला, तर विजेता पंचांनी निवडला असंच हरलेला म्हणेल आणि त्याला ते खोटं आहे असं सांगता येणार नाही.